रात्रपाळीत १-०-१ चं काय करायचं?

मधुमेहाच्या कुठल्याही चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे तीन आकडे असतात. १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. औषधाच्या दुकानातला मुलगा पाकिटावर तेच आकडे पुन्हा लिहून देतो आणि घरी आल्यावर गोळ्या डबीच्या ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ अशा कप्प्यांत जातात. या आकड्यांमागे एक गृहीत असतं. माणूस सकाळी उठतो, नाश्ता करतो, दुपारी जेवतो, रात्री जेवून झोपतो, असं ते गृहीत.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत, रुग्णालयांच्या वॉर्डांत, रेल्वेत, एसटीत, पोलिस ठाण्यांत, वॉचमनच्या खोक्यांत आणि कॉल सेंटरांत हे गृहीत दर आठवड्याला मोडतं. सकाळी सात वाजता तिथला माणूस झोपायला निघालेला असतो आणि रात्री नऊला डबा घेऊन कामाला. मग ‘सकाळची’ गोळी त्याने झोपण्याआधी घ्यायची की उठल्यावर? भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये दाखवलं. त्यांतल्या पाळीत काम करणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. बरेच जण तो डॉक्टरांना न विचारता आपापल्या परीने सोडवतात. काही वेळा ते निभावतं, काही वेळा महागात पडतं.

रात्री तोच भात जास्त साखर का वाढवतो?

आधी शरीराच्या बाजूने पाहू. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्रीचा हिशेब ठेवतो. यकृत, स्वादुपिंड, स्नायू यांच्या पेशींचीही आपापली घड्याळं असतात. ही घड्याळं पेशींच्या आत कशी चालतात याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

अंधार पडला की रक्तात मेलाटोनिन वाढू लागतं. झोपेची तयारी करून देणारं हे संप्रेरक स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्याचा वेग कमी करतं. शिवाय मिळालेल्या इन्सुलिनला शरीर सकाळी जितका प्रतिसाद देतं, तितका संध्याकाळनंतर देत नाही. झोपलेल्या माणसाच्या बाबतीत ही व्यवस्था योग्यच आहे, कारण मध्यरात्री त्याच्या पोटात नवीन काही जाणार नसतं. रात्रपाळीचा माणूस मात्र नेमका तेव्हाच जेवतो. दुपारी एकला खाल्लेला वरण-भात आणि रात्री दोनला कॅन्टीनमध्ये खाल्लेला तेवढाच वरण-भात यांची रक्तातली साखर सारखी निघत नाही. रात्रीची जास्त चढते आणि उतरायला वेळ लावते.

हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी २०२१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी १९ निरोगी तरुण स्त्री-पुरुषांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखं वेळापत्रक दिलं. एका गटाने रात्रीही जेवायचं होतं, दुसऱ्याने रात्री जागं राहायचं पण जेवण फक्त दिवसा घ्यायचं होतं. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसाच जेवणाऱ्यांची वाढली नाही. हा प्रयोग छोटा होता आणि त्यात मधुमेही कोणी नव्हतं. तरीही त्यातून एक धागा हाती लागतो. जागरण टाळणं कामगाराच्या हातात नाही, पण मध्यरात्री काय आणि किती खायचं, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभराहून फार जास्त सरकत नाही. आठवड्याची पाळी लागली आणि शरीर तिला थोडंफार सरावू लागलं, की पाळी बदलते. म्हणूनच ‘सवय झाली आहे आता’ असं वीस वर्षं रात्रपाळी करणारा म्हणतो, तेव्हा ते जागं राहण्यापुरतं खरं असतं. त्याच्या स्वादुपिंडाला तशी सवय झालेली नसते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत बदलत्या रात्रपाळीची वर्षं जितकी जास्त, तितका टाइप-२ मधुमेहाचा धोका जास्त असल्याचं २०११ मध्ये दिसलं. त्या वाढीचा मोठा भाग वजनवाढीतून आलेला होता.

एक नमुना

समजा, चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी मशिनवर काम करणारा सत्तेचाळीस वर्षांचा एक ऑपरेटर आहे. पाळ्या तीन आहेत. फर्स्ट सकाळी ६ ते २, सेकंड दुपारी २ ते रात्री १०, थर्ड रात्री १० ते सकाळी ६. दर सोमवारी पाळी बदलते, रविवारी सुट्टी असते. मधुमेह होऊन सहा वर्षं झाली आहेत. चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी १-०-१ लिहिलेली आहे. आपल्याकडे ही जोडगोळी अतिशय प्रचलित आहे.

थर्डच्या आठवड्यात तो पावणेसातला घरी येतो, चहाबरोबर दोन बिस्किटं खातो, ‘सकाळची’ गोळी घेतो आणि पडदे ओढून झोपतो. दुपारी जेवायला उठवायचं नाही, अशी घरात ताकीद असते. अकराच्या सुमाराला त्याचा बनियन घामाने भिजलेला असतो, झोपेत तो काहीतरी बडबडतो. दोनला उठतो तेव्हा डोकं जड असतं, हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात. जागरणामुळे असेल, असं म्हणून तो चहा घेतो. एकदा पुतण्याने ग्लुकोमीटरवर तपासलं तेव्हा आकडा ६१ आला.

या एका गोळीत दोन वेगळ्या स्वभावांची औषधं आहेत. मेटफॉर्मिन यकृतातून साखर सुटणं कमी करतं. ते एकटं घेतलं तर सहसा साखर धोकादायक पातळीला नेत नाही. पोट बिघडू नये म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं, एवढंच. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट पाहत नाही. घेतल्यावर दोन-तीन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं, आणि परिणाम दिवसभर रेंगाळतो. म्हणजे दोन बिस्किटांवर गोळी घेऊन झोपलेल्या माणसाची साखर तो गाढ झोपेत असताना खाली जाते. जागा असता तर हात थरथरले असते, भूक लागली असती, छाती धडधडली असती आणि त्याने काहीतरी खाल्लं असतं. झोपेत या खुणा कळत नाहीत. मागे उरतो तो ओला बनियन, वाईट स्वप्नं आणि उठल्यावरची डोकेदुखी.

ग्लिमेपिराइडच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की हे औषध नाश्त्याबरोबर किंवा दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर घ्यावं. रात्रपाळीवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर या ‘पहिल्या मुख्य जेवणा’त आहे. त्याचं पहिलं मुख्य जेवण सकाळी सातचा चहा-बिस्किट नव्हे, झोपून उठल्यावर दुपारी दोनला होणारं जेवण. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या त्याच कुळातल्या गोळ्यांनाही हाच विचार लागू होतो.

पण निव्वळ वेळ सरकवून भागत नाही. जोडगोळी एक दुपारी दोनला आणि एक रात्री पावणेनऊच्या जेवणाबरोबर घेतली, तर ग्लिमेपिराइडचे दोन डोस सात तासांच्या आत पडतात. दुसऱ्याचा जोर तो मशिनपाशी उभा असताना येतो. डॉक्टरांशी बोलताना म्हणूनच पहिला मुद्दा हा असावा: जोडगोळी सोडवून दोन औषधं वेगळी देता येतील का? मग ग्लिमेपिराइड दिवसातून एकदाच, पहिल्या मुख्य जेवणाबरोबर, आणि मेटफॉर्मिन दोन्ही जेवणांबरोबर, अशी मांडणी डॉक्टर करू शकतात. ग्लिमेपिराइडचा एकूण डोस किती ठेवायचा, हे त्यांनीच ठरवायचं.

दुसरा मुद्दा औषध बदलण्याचा. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गटातली औषधं जेवणानंतर साखर वाढली तरच इन्सुलिनला जोर देतात. पोट रिकामं असेल तर ती बहुतांशी गप्प राहतात, त्यामुळे पाळीवाल्यांना ती सोयीची पडतात. पूर्वी ती महाग होती. भारतात विल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये संपल्यावर त्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी घेत असेल, तर ती उठल्यावर घ्यावी. झोपण्याआधी घेतली तर लघवीसाठी उठावं लागून आधीच तुटक असलेली झोप आणखी तुटते.

तीन पाळ्यांचं जेवण

त्याच ऑपरेटरचा आठवडा आता जेवणाच्या बाजूने लावून पाहू. थर्डमध्ये दोन मुख्य जेवणं उजेडाच्या बाजूला ओढायची: एक दुपारी दोनला, दुसरं कामाला निघण्यापूर्वी साडेआठ-पावणेनऊला. भाकरी किंवा पोळी, उसळ किंवा डाळ, भाजी, ताक, असं पूर्ण जेवण या दोन वेळी. मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत ताट वाढून घ्यायचं नाही. कॅन्टीनमध्ये एक-दीडला भाताचा ढीग समोर येतो तेव्हा हे अवघड जातं, म्हणून पिशवीत आधीच काहीतरी असावं. मूठभर फुटाणे, थोडे शेंगदाणे, एखादं उकडलेलं अंडं, बाटलीत ताक. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या कुळातली गोळी घेणाऱ्याने हा खाऊ टाळूही नये, नाहीतर साखर पडू शकते. औषध बिनधोक्याचं असेल आणि भूक नसेल, तर तोही लागत नाही.

घरी आल्यावर उपाशी झोपू नये आणि तट्ट जेवूनही झोपू नये. एक भाकरी आणि वाटीभर उसळ, किंवा अंडी आणि एक पोळी पुरते. वाटेवर गरम वडापाव किंवा पोह्यांची गाडी लागते आणि रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला ती ओढते. तिथे खाल्लेल्या मैद्या-बटाट्यावर लगेच झोप लागली, की ती साखर वापरायला स्नायू जागे नसतात.

चहाचा हिशेब वेगळा करायला हवा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण दहा ग्रॅम. रात्रीत चार कप झाले की चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते, तीही शरीर ती सर्वांत वाईट पद्धतीने पेलतं अशा वेळी. चहा बिनसाखरेचा करता येतो, पण त्यातल्या कॅफिनचं काय? शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला सुमारे पाच तास लागतात. सातला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री एक-दीडच्या आत व्हावा. पहाटे चारचा कप डोळे उघडे ठेवतो खरा, पण त्याची किंमत सकाळच्या झोपेतून वसूल होते.

फर्स्टमध्ये फसगत वेगळी होते. साडेचारला उठून चहा घेऊन, गोळी घेऊन माणूस सव्वापाचची कंपनीची बस पकडतो. नाश्ता साडेआठच्या सुट्टीत मिळतो. तोवर रिकाम्या पोटी गोळी आणि अंगमेहनत एकत्र येतात. इथे ग्लिमेपिराइड खिशातल्या डबीत घेऊन जावं आणि साडेआठच्या पोटभर नाश्त्याबरोबर घ्यावं. सेकंडमध्ये सकाळ निवांत असते, नऊचा नाश्ता आणि गोळी यांचा मेळ सहज बसतो. तिथे घोळ रात्री होतो. दहाला सुटून अकराला घरी येऊन जेवायचं आणि बाराला झोपायचं, मग सकाळची साखर चढलेली दिसते. डबा आठच्या सुट्टीत कारखान्यातच खाल्ला आणि घरी आल्यावर कपभर दूध किंवा ताक घेतलं, तर हा आकडा बऱ्याचदा सुधारतो.

रविवार

पाळी बदलण्याचा दिवस सर्वांत नाजूक असतो. थर्ड संपवून रविवारी सकाळी सहाला सुटलेल्या माणसाला सोमवारी सकाळी सहाला फर्स्टसाठी उभं राहायचं असतं. मधल्या चोवीस तासांत त्याला झोप, जेवण आणि गोळी तिन्ही उलटवून घ्यायची असतात.

आपल्या ऑपरेटरचा रविवार असा लावता येईल. सकाळी साडेसातला झोपायचं, पण गजर साडेअकराचा लावायचा. चार तासांवर उठणं जिवावर येतं, तरी दुपारभर झोपलं तर रात्री डोळा लागत नाही. बाराला पहिलं मुख्य जेवण, त्याबरोबर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. शनिवारी हीच गोळी दोनला घेतली होती, म्हणजे अंतर बावीस तासांचं. संध्याकाळी उजेडात अर्धा तास चालणं, साडेसातला जेवण आणि मेटफॉर्मिन, नऊला अंथरूण. सोमवारी ग्लिमेपिराइड साडेआठच्या नाश्त्याबरोबर, अंतर साडेवीस तासांचं.

अंतर चार-पाच तासांनी वाढलं, तर त्या दिवशी साखर थोडी जास्त दिसेल. त्यातून घात होत नाही. घात होतो तो ‘राहिलेली’ गोळी भरून काढताना. पाळीच्या गडबडीत एक डोस चुकला आणि पुढच्या जेवणाला दोन एकदम घेतल्या, तर साखर खाली जाण्याचा धोका खरा असतो. चुकलेला चुकला, पुढचा नेहमीच्या जेवणाबरोबर. डबल ड्यूटी लागली तरी दिवसाची एकूण संख्या तीच राहते, तास वाढले म्हणून गोळी वाढत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी

इन्सुलिनच्या बाबतीत पाळीचा प्रश्न जास्त टोकदार होतो. ‘तीस-सत्तर’ नावाने ओळखलं जाणारं मिश्र इन्सुलिन आपल्याकडे खूप वापरलं जातं. सकाळ-संध्याकाळ दोन इंजेक्शनं आणि ठरावीक वेळी जेवण, यावर ते बेतलेलं असतं. त्यातला लांब पल्ल्याचा भाग काही तासांनी जोर धरतो आणि तेव्हा पोटात अन्न लागतं. सकाळी सातला ते घेऊन झोपलेल्या माणसाचा तो जोर भरदुपारी, ऐन झोपेत येतो. म्हणून बदलत्या पाळीत असणाऱ्याने डॉक्टरांना स्पष्ट विचारावं की दिवसभर संथ चालणारं एक आणि जेवणापुरतं दुसरं, अशी विभागणी शक्य आहे का.

ग्लार्जिनसारखं संथ इन्सुलिन जेवणाशी बांधलेलं नसतं, त्याला घड्याळाची एकच वेळ पाळायची असते. ती वेळ तिन्ही पाळ्यांत माणूस जागा असेल अशी निवडायची. आपल्या ऑपरेटरसाठी रात्रीचे साडेआठ चालतील. फर्स्टमध्ये तो घरी असतो, सेकंडमध्ये जेवणाच्या सुट्टीतून नुकताच उठलेला असतो, थर्डमध्ये निघण्याच्या तयारीत असतो. डेग्लुडेक हे त्याहून लांब चालणारं इन्सुलिन आहे. त्यात एखाद्या दिवशी वेळ पुढे-मागे झाली तरी चालते, दोन डोसांत किमान आठ तास असावेत एवढी अट. जेवणापुरतं साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं. लाइन थांबली नाही, सुट्टी पुढे गेली, वॉर्डात अचानक रुग्ण आला, की घेतलेलं इन्सुलिन अन्नाची वाट पाहत नाही. ताट समोर आल्यावर घेता येणारी जलद इन्सुलिनं अशा कामात जास्त सुरक्षित ठरतात.

वापरात असलेलं पेन साधारण तीस अंशांच्या खाली ठेवावं लागतं. पत्र्याच्या शेडखालचं लॉकर किंवा दुचाकीची डिकी उन्हाळ्यात त्याहून कितीतरी तापते. तिथे राहिलेलं इन्सुलिन दिसायला तसंच असतं, पण काम करत नाही. विनाकारण साखर चढू लागली तर आधी हे तपासावं.

दिवसाची झोप

झोप कमी झाली की इन्सुलिनचा असर कमी होतो. नेदरलँड्समध्ये २०१० साली नऊ निरोगी व्यक्तींना एकच रात्र चार तास झोपू दिलं, तर त्यांच्या शरीराची साखर वापरण्याची क्षमता जवळपास पाव हिश्शाने घटली. दिवसाची झोप मुळातच आखूड आणि उथळ असते, कारण शरीराचं घड्याळ तिच्या विरोधात चाललेलं असतं. सलग सात तास मिळणार नाहीत हे मान्य करून ती दोन तुकड्यांत घेणं व्यवहार्य ठरतं. सकाळी साडेसात ते दीड हा मोठा तुकडा, संध्याकाळी साडेसहा ते आठ हा छोटा. छोट्या तुकड्याने पहाटेच्या पेंगेवरही थोडा उतारा मिळतो.

पहिला तुकडा टिकवायचा तर उजेड अडवावा लागतो. सुटल्यावर घरी येईपर्यंत काळा चष्मा, खोलीच्या खिडकीवर जाड गडद कापड, कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीपासून लांबची खोली. दोन खोल्यांच्या घरात हे सोपं नसतं, पण पाळीचा तक्ता स्वयंपाकघरात लावलेला असला तर घरच्यांना कधी जपायचं हे तरी कळतं. त्याच घरच्यांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. मधुमेही माणूस झोपेत घामाघूम झालेला, बरळताना किंवा नेहमीपेक्षा वेगळा दिसला, तर त्याला उठवायचं.

मोठ्याने घोरणं, घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येणं, पुरेशी झोप होऊनही गळून गेल्यासारखं वाटणं, या खुणा असतील तर केवळ पाळीला दोष देऊन थांबू नये. झोपेत श्वास थांबण्याचा विकार टाइप-२ मधुमेहात बराच आढळतो, त्याची तपासणी होते आणि उपचारही आहेत.

‘फास्टिंग’ म्हणजे कधी?

रात्रपाळी संपवून सकाळी सातला प्रयोगशाळेत दिलेलं रक्त अनेकदा ‘फास्टिंग’ म्हणून नोंदलं जातं. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काही नाही. पहाटे चारचा चहा झाला असेल, तर तो अहवाल उपाशीपोटीचा नव्हे. त्यावरून डोस वाढवला गेला, तर झोपेतल्या कमी साखरेला आमंत्रण मिळतं. पाळीवाल्याने ही तपासणी फर्स्ट किंवा सेकंडच्या आठवड्यात, रात्रीची झोप झाल्यावर करावी, किंवा निदान प्रयोगशाळेच्या कागदावर ‘रात्रपाळीनंतर’ असं लिहून घ्यावं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी कुठल्याही वेळी करता येते. मात्र सरासरी चांगली दिसत असतानाही आत रोजची चढ-उतार दडलेली असू शकते.

ती घरच्या मीटरवर सापडते. रोज बोट टोचायची गरज नाही. प्रत्येक पाळीच्या आठवड्यात मधले दोन दिवस निवडावेत आणि चार वेळा तपासावं: झोपून उठल्यावर, कामाला निघताना, पाळीच्या मध्यावर, आणि सुटताना. आकड्यापुढे पाळी, शेवटचं खाणं आणि गोळीची वेळ लिहावी. तीन आठवड्यांत चोवीस आकड्यांचा एक कागद तयार होतो. डॉक्टरांसमोर तो ठेवला, तर औषध कुठल्या पाळीत जास्त होतंय आणि कुठल्या पाळीत कमी पडतंय, हे लगेच दिसतं.

सुटतानाचा आकडा आणखी एका कारणासाठी मोलाचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखं औषध घेणाऱ्याने दुचाकीला किक मारण्यापूर्वी साखर ९० च्या वर आहे ना, हे पाहावं. कमी असेल तर खाऊन थोडं थांबावं. पेंग आणि कमी साखर यांच्या खुणा इतक्या सारख्या असतात, की रस्त्यावर त्या ओळखू येत नाहीत.

साखर ७० च्या खाली गेली, तर पंधरा ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी, म्हणजे पाण्यात ढवळलेले तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर. पेढा, चॉकलेट यांतल्या तूप-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर नीट लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवावं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, अजून खाली असेल तर पुन्हा घ्यावं, वर आल्यावर पोळी-भाजी किंवा दूध घ्यावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. आणि साखर ग्लिमेपिराइडच्या कुळातल्या गोळीने पडलेली असेल, तर वर आली म्हणून त्याला पुन्हा झोपू देऊन निर्धास्त होऊ नये. गोळीचा असर दिवसभर टिकतो आणि साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्या दिवशी दर दोन-तीन तासांनी तपासावं, रात्रपाळीची सुट्टी टाकावी आणि पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.